आधी गादी, मग खांब

मार्च उजाडला की आमच्या कड्यात जयंतीच्या मिटिंगा सुरू होतात. वर्गणी किती, मंडप कुठं, मिरवणूक कोणत्या रस्त्यानं, हे सगळं ठरतं. मग कुणीतरी उत्साही कार्यकर्ता म्हणतो, "यंदा पोरांचा मल्लखांब ठेवू. ट्रॉलीवर खांब उभा करू, भारी दिसंल." सगळे माना डोलावतात. १४ एप्रिलला तीन-चार आठवडे उरलेले असतात.

अशीच मान मीही एकदा डोलावली होती. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वस्तीतला नववीतला एक मुलगा जेमतेम तीन आठवडे खांबावर चढला असेल. जयंतीच्या दिवशी ट्रॉलीवर खांब, खांबाभोवती दोन सतरंज्या, चारी बाजूंनी माणसं. तो डोकं खाली, पाय वर करून राहिला, टाळ्या पडल्या, आणि उतरताना हात सुटला. पडला चारच फुटांवरून, पण दोन सतरंज्यांच्या मधल्या फटीत ट्रॉलीच्या पत्र्यावर त्यानं हात मागे टेकला. मनगट मोडलं. खाली त्याला सांभाळायला मीच उभा होतो. माझ्या हातात मोबाइल होता, मी फोटो काढत होतो.

तो मुलगा आज कमावता आहे. मनगट पूर्ण वळत नाही. म्हणून या पानावर मी मल्लखांबाचे फायदे सांगत बसणार नाही. ते शाळेच्या पुस्तकात आहेत. खांबाखाली काय असावं, खांबाशेजारी कोण उभं असावं आणि वर कधी जावं, एवढंच सांगणार आहे. माझं स्पष्ट मत आहे की ज्या वस्तीला गादी घेणं परवडत नाही, तिनं खांब घेऊ नये. गादीचा खर्च खांबापेक्षा जास्त झाला तरी चालेल.

एक शंका आधी मिटवतो, कारण ती मला आपल्याच लोकांनी विचारली आहे. हा खेळ पेशव्यांच्या दरबारातला, दुसऱ्या बाजीरावाचे व्यायामशिक्षक बाळंभटदादा देवधर यांनी वर आणलेला, तो आपल्या विहाराच्या अंगणात कशाला? देवधरांनी त्याला नवं रूप दिलं हे खरं. पण मल्लांनी खांबावर सराव करण्याचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे. म्हणजे खेळ पैलवानांचा, पेशवाईच्या कितीतरी आधीचा. आज छत्तीसगडच्या नारायणपूरची अबुझमाडची आदिवासी पोरं याच खांबावर देशभर गाजली आहेत. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. लाकूड कुणाची जात विचारत नाही. पडणाऱ्यालाही विचारत नाही, म्हणून आता गादीकडे वळू.

मल्लखांबाची दुखापत बहुतेक वेळा उतरताना किंवा घसरताना होते, आणि ती बहुतेक वेळा खांबाच्या अगदी जवळ होते. मूल दूर फेकलं जात नाही, खांबाला धरूनच खाली येतं. त्यामुळे गादी खांबाला चिकटून असली पाहिजे. लोक काय करतात, समोर एक मोठी गादी टाकतात आणि मागची बाजू मोकळी सोडतात. किंवा दोन गाद्या दोन बाजूंना ठेवून खांबापाशी वीतभर फट ठेवतात. त्या फटीत पाऊल गेलं की घोटा मुरगळतो, आणि हात गेला तर काय होतं ते वर सांगितलंच. चार गाद्या असतील तर त्या खांबाभोवती फिरकीच्या पात्यांसारख्या लावाव्यात, एकीची कड दुसरीच्या अंगाला भिडलेली. दोनच असतील तर प्रत्येकीच्या एका कडेला अर्धगोल कापून घ्यावा, म्हणजे दोन्ही मिळून खांबाला कवेत घेतात. शिवणारा टेलर हे काम तासाभरात करून देतो. कुठल्याही बाजूला खांबापासून निदान सहा फूट गादी असावी. सरावात गाद्या सरकतात, म्हणून दर चौथ्या-पाचव्या मुलानंतर त्या पायानं परत जुळवायच्या. आमच्याकडे हे काम त्या दिवशी न खेळणाऱ्या मुलाकडे असतं.

गादी किती जाड हे विचारलं जातं. सुरुवातीच्या सरावाला चार इंच जाडीची घट्ट गादी पुरते. डोकं खाली करायला शिकवायचं तेव्हा तिच्यावर आणखी एक जाड, मऊ गादी टाकावी. नुसती मऊ गादी उपयोगाची नाही, कारण तिच्यात पाऊल रुततं आणि गुडघा भलतीकडे वळतो. खाली घट्ट, वर मऊ, हा क्रम आहे. पारख सोपी आहे. घरातल्या वजनदार माणसानं गादीवर टाच जोरात आपटावी. खालची जमीन टाचेला लागली तर ती गादी झोपायची, पडायची नव्हे. कापसाच्या जुन्या गादीत गाठी होतात आणि मधे खड्डा पडतो, तिथं ही परीक्षा हमखास हुकते. गोधड्या एकावर एक रचल्या तर त्या एकमेकींवरून घसरतात. त्या वापरायच्याच असतील तर ताडपत्रीच्या खोळीत घट्ट भरून, तोंड शिवून, आणि फक्त जमिनीवर लोळण्याच्या व्यायामाला.

गादी अगदीच जमत नसेल तर जुन्या तालमीचा मार्ग आहे. खांबाभोवती सहा-सात फुटांपर्यंत फूटभर खोल खणायचं, खडे वेचून काढायचे, चाळलेली माती आणि वाळू भरायची. पण ही माती रोज सरावाआधी फावड्यानं उलथून भुसभुशीत करावी लागते. दोन दिवस कुणी हात लावला नाही किंवा पाऊस पडला की ती दगडासारखी बसते. रोज फावडं मारायला माणूस नसेल तर मातीवर भरवसा ठेवू नये.

आता खांब. स्पर्धेचा पुरलेला खांब जमिनीवर सुमारे २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट असतो. बुंध्याचा घेर साधारण ५५ सेंटिमीटर, वर निमुळता होत ३५ च्या आसपास. सगळ्यात वर बोंड, त्याखाली मान, मग अंग. लाकूड सागवान किंवा शिसव. पोरांना शिकवायला एवढा उंच खांब लागत नाही. सहा-सात फुटी असला तरी पहिलं वर्ष आरामात निघतं, आणि उंचीच नसेल तर उंचीचा मोहही होत नाही. गाडताना तीन फुटांहून कमी खोल गाडू नये. काळ्या मातीत गाडलेला खांब उन्हाळ्यात भेगा पडल्या की सैल होतो, हे आपल्या शेतातल्या खुंट्यावरून प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून दर आठवड्याला दोन मोठ्या माणसांनी वरच्या टोकाला धरून हलवून पाहावं. किंचितही हलला तर सराव बंद, आधी बुंधा पक्का करायचा. ट्रॉलीवरचा खांब तर चालताना हलणारच. चालत्या ट्रॉलीवरच्या मल्लखांबाला मी त्या दिवसापासून हात जोडले आहेत.

खांबाला एरंडेल तेलाचा पातळ हात देतात. त्यानं कातडी ओढली जात नाही, सोलवटत नाही. नवशिक्यांसाठी ते अगदी कमी लावावं, बोटाला ओलसर लागेल इतकंच. तेल ओघळत असेल तर फडक्यानं पुसून घ्यावं.

दोरीचा मल्लखांब पूर्वी वेतावर करत, वेत मिळेनासा झाला तशी सुती दोर आला. आपल्याकडे दोर म्हटलं की घरातली कुठलीही दोरी आणली जाते. बैलाचा कासरा नको, नायलॉनचा दोर तर मुळीच नको. नायलॉन घसरतो आणि मांडीची कातडी भाजल्यासारखी निघते. एक ते दोन सेंटिमीटर जाडीचा, पिळाचा, सुती दोर हवा. तो कशाला बांधता, हे त्याहून महत्त्वाचं. लिंबाच्या फांदीला बांधलेला दोर मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. फांदी हिरवी दिसते आणि आतून किडलेली असते. मूल दोरीवर स्थिर असतं तेव्हा तिच्यावर त्याचंच वजन असतं, पण झटका बसला तर ताण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून लोखंडी तुळई किंवा पक्का आडवा पाइप पाहावा, आणि पहिल्या दिवशी तीन मोठ्या माणसांचं वजन होईल एवढी वाळूची पोती जमिनीपासून वीतभर वर टांगून ठेवावी. दोर तुटतो तो बहुधा मधे नाही, वर गाठीपाशी. महिन्यातून एकदा शिडी लावून तिथला पीळ उकलून आतले धागे पाहावेत. बाहेरून शाबूत आणि आतून पीठ झालेला दोर मी हातात धरलेला आहे.

खांबावर असो की दोरीवर, अंगावर ताईत, गळ्यातला दोरा, कडं, बांगड्या, पैंजण, अंगठी काही नको. मोकळी वेणी नको, ओढणी नको. दोरीवर तर गळ्याभोवती दोर येईल असा कोणताही प्रकार घरच्या घरी करायचा नाही, खेळाखेळातही नाही.

आता सांभाळणाऱ्या माणसाबद्दल. आपण चढणाऱ्याकडे बघतो, खालच्याकडे कुणी बघत नाही. खरं तर पहिल्या तीन महिन्यांत शिकवायचं असतं ते खालच्याला. तो मोठा माणूस असावा, किंवा निदान चढणाऱ्याहून अंगानं थोराड. पंचेचाळीस किलोचं पोर दुसरं पंचेचाळीस किलोचं पोर थांबवू शकत नाही, दोघंही पडतात. त्यानं अर्ध्या हाताच्या अंतरावर उभं राहायचं, एक पाय पुढे, गुडघे सैल, हात आधीच वर उचललेले. हात खिशात किंवा पाठीमागे बांधलेले असतील तर ते वेळेवर पोचत नाहीत. आणि नजर मुलाच्या तोंडाकडे नव्हे, कमरेकडे. तोंड हसत असतं तेव्हाही कंबर सुटू लागलेली असते. हात सुटण्याआधी कंबर खांबापासून दूर जाते, ते दिसलं की लगेच हात लावायचा.

हात कुठं लावायचा? एक तळहात कमरेला किंवा पाठीच्या खालच्या भागाला, दुसरा खांद्यांच्या मधे पाठीला. मनगट, पाय किंवा हात धरून ओढायचं नाही. त्यानं उरलेली पकडही सुटते. आणि पडणाऱ्याला हवेत झेलायला जाऊ नये. झेलायचं नसतं, वेग मोडायचा असतो आणि दिशा वळवायची असते. डोकं खाली असेल तर कमरेला मिठी मारून स्वतःकडे ओढायचं, म्हणजे मूल पाठीवर किंवा कुशीवर गादीवर येतं. सांभाळणाऱ्याला खरचटलं, त्याच्या नाकाला कोपर लागलं तरी चालेल. मान वाचली पाहिजे.

डोकं खाली करायचं पहिलं शिक्षण दोघांनी सांभाळून द्यावं, दोन्ही बाजूंना एक-एक. कुठं हात लावणार हे मुलाला आधी सांगावं, मुलीला तर सांगितल्याशिवाय लावूच नये. मुली सांभाळायला बाई हवी, आणि वस्तीतल्या ताया, काकू हे काम उत्तम करतात, कारण त्यांची नजर खेळ पाहण्यात गुंतत नाही. आमच्याकडे शब्द तीनच ठेवले आहेत, 'धर', 'थांब', 'उतर'. 'थांबा' असं मूल म्हणालं की त्याला उतरवायचं, चेष्टा करायची नाही. चेष्टा झाली की पुढच्या वेळी ते बोलत नाही, आणि न बोलणारं मूल पडतं.

चढण्याचा क्रम मी एका मुलीच्या उदाहरणानं सांगतो, कारण आपल्या भागातली खरी अडचण तिच्यात दिसते. ही मुलगी तेरा वर्षांची. दसऱ्यापर्यंत ती दोरीवर चांगली चढत होती. मग दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. मार्चच्या मध्यावर परत आली तेव्हा दीड-दोन इंच उंच झालेली, अंग मात्र वाळलेलं. पाच महिने मोळ्या उचलून हाताला बळ होतं, सराव नव्हता. आल्या आल्या म्हणाली, "काका, मला सगळं येतं. जयंतीला मीच करणार." तिला येत होतं ते तिच्या जुन्या अंगाला येत होतं. या वयात हाडं झपाट्यानं लांब होतात, स्नायू मागून येतात. हात-पाय कुठं संपतात याचा अंदाजच बदलतो. म्हणून ऊसतोडीवरून परतलेल्या मुलाला, त्याला आधी कितीही येत असो, पहिल्या पायरीपासून न्यायचं. फक्त ते पायऱ्या लवकर चढतं.

पहिले तीन-चार दिवस तिला दोरीच दिली नाही. फुटभर उंच ओट्यावरून गादीवर उडी मारायची. पाऊल पुढच्या भागावर, गुडघे वाकलेले, हात समोर. तोल गेला तर हात मागे न टेकता, हात छातीशी घेऊन कुशीवर लोळायचं. हे शंभर वेळा केलं की पडताना हात आपोआप मागे जात नाहीत. मनगटं यामुळेच वाचतात, आणि कुणालाही कंटाळवाणं वाटणारा हा भाग मी सोडू देत नाही.

मग लोंबकळणं. दोर दोन्ही हातांत, कोपरं थोडी वाकलेली, पाय जमिनीपासून चार बोटं वर, दहा सेकंद. तीन वेळा, मधे विश्रांती. त्याच वेळी जमिनीवर बसून अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर धरायचा सराव. दोरीच्या मल्लखांबाची सगळी भिस्त त्या पकडीवर आहे, आणि चपलेची सवय असलेल्या बोटांना ती यायला वेळ लागतो. बोटांच्या बेचक्यातली कातडी लाल होते. दुसऱ्या दिवशी लाली गेली तर ठीक. चिरली असेल तर ती भरून येईपर्यंत दोर बंद, कारण उघड्या जखमेत दोर धरणारं मूल वेदनेनं कधी सोडेल सांगता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात हात आणि बोटं मिळून चढणं, पण पावलं माझ्या कमरेच्या वर जाणार नाहीत एवढंच. आणि चढलं तितकंच हातापायांनी उतरायचं, घसरत यायचं नाही, उडी मारायची नाही. मुलं वर जाण्यात पटाईत असतात, उतरण्यात नाही. दम संपतो तो उतरताना. खांबावरही हाच नियम आहे. आधी खांबाला मिठी मारून पाय उचलून दहा सेकंद राहायचं, मग दोन फूट वर आणि दोन फूट खाली.

यानंतर साधी अढी. खांब किंवा दोर हातांनी घट्ट धरायचा, कंबर वर उचलायची आणि पाय डोक्याच्या वर नेऊन वेढायचे. डोकं खाली, पाय वर. ती जमिनीवर उभं राहूनच शिकायची, डोकं गादीपासून वीत-दीड वीत. म्हणजे सुटलं तरी पडायला उंचीच नाही. पहिल्यांदा पाय सांभाळणाऱ्यांनीच वर नेऊन लावून द्यावेत, पाच मोजावेत, परत खाली आणावेत. डोकं खाली गेल्यावर चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सावकाश उतरवून बसवायचं आणि त्या दिवशी पुन्हा उलटं करायचं नाही. जेवणानंतर दोन तास हे नको, आणि अगदी उपाशी पोटीही नको. फिट येणारं, हृदयाचा आजार असलेलं किंवा कान वाहणारं मूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं करू नये.

वर कधी न्यायचं याचं माझं माप असं आहे. सांभाळणाऱ्याचा हात न लागता सलग पाच वेळा, आणि तेही वेगवेगळ्या तीन दिवशी. एका दिवशी पाच वेळा जमलं हा त्या दिवसाचा जोर असतो. तीन दिवशी जमलं की ते अंगात आलं. मग फूटभर वर, आणि तिथं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. नवीन प्रकार आणि नवीन उंची एकाच दिवशी द्यायची नाही. थकलेल्या मुलाचा 'शेवटचा एक' हा मी कायमचा बंद केला आहे. बहुतेक पडणं त्या शेवटच्या एकातच पाहिलं आहे.

बोंडावर उभं राहणं, हात सोडून झेप घेणं, दोरीवरून उलटं सुटणं, हे या पानावरून शिकण्यासारखं नाही. त्याला शिकलेला प्रशिक्षकच हवा. जाणकार शिक्षक मिळत नसेल तर साधी अढी आणि चढ-उतार यावर थांबावं. अंगाला होणारा फायदा तेवढ्यातही होतो.

पडल्यावर काय, हेही सांगितलं पाहिजे. मूल मानेवर किंवा डोक्यावर पडलं आणि मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात असं म्हणालं, तर त्याला उचलायचं नाही, बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. डोकं आहे तसं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि १०८ ला फोन करायचा. कड्याहून अहिल्यानगर गाठायला वेळ लागतो, म्हणून फोन पहिल्या मिनिटाला व्हावा. डोक्याला मार लागलेलं मूल नंतर उलट्या करू लागलं, गुंगीत गेलं, वेडंवाकडं बोलू लागलं तर रात्र काढायची नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं. आणि मनगट किंवा गुडघा एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखत असेल, आठ-दहा दिवसांतही कमी होत नसेल, तर चोळून घेऊ नये. या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची मऊ कूर्चा असते, ती दुखावली असेल तर एक्स-रे आणि विश्रांती हवी. चोळण्यानं ते बिघडतं.

मुलींनी दोरी आणि मुलांनी खांब, असा जुना प्रघात आहे. स्पर्धांमध्ये आता मुलीही खांबावर उतरतात. आमच्याकडे आम्ही दोन्ही दोघांना देतो. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे ती मुलगी ठरवते, दुसरं कुणी नाही. अंगाला चिकटून बसणारे कपडे या खेळाला लागतात, कारण सैल कापड खांबावर घसरतं. त्यावरून वस्तीत कुजबुज झाली होती. त्या मुलींच्या आयांनीच ती बंद केली.

ती ऊसतोडीवरून आलेली मुलगी १४ एप्रिलपर्यंत पावलं कमरेच्या उंचीवर, आणि गादीवर उभं राहून साधी अढी, एवढ्यापर्यंत पोचली. मिटिंगमध्ये काहींचं म्हणणं पडलं, "एवढंसं काय दाखवायचं? लोक हसतील." मी म्हणालो, मिरवणुकीत नाही, सकाळच्या वंदनेनंतर विहाराच्या अंगणात दाखवू, आणि गाद्या पोरं स्वतः आणून लावतील, तेही लोकांसमोर. तसंच केलं. ट्रॉलीवर खांब नव्हता. चार गाद्या, एक दोर, दोन्ही बाजूंना दोन ताया. तिनं अढी लावली, दहा मोजले, सावकाश उतरली. तिचा बाप मागच्या रांगेत उभा होता. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला आणि गादीवर टाच आपटून पाहिली.